जुन्या कंपनीला पत्र: सर्व्हिस सर्टिफिकेट आणि पेन्शन भरल्याचा पुरावा कसा मागायचा?

इंद्रायणीकाठ
नमस्कार मंडळी. आईला गेल्या महिन्यात ५८ पूर्ण झाली. पीएफची पेन्शन, म्हणजे ईपीएस-९५ वाली, सुरू करायची आहे. दहा वर्षं सर्व्हिस लागते एवढं कळलंय आणि घोडं तिथेच अडलंय.

आईच्या नोकऱ्या दोन. पहिली भोसरी एमआयडीसीत, एका लहान प्रेसशॉपच्या स्टोअरमध्ये, जून १९९८ ते मार्च २००५. दुसरी एका पॅकेजिंग कंपनीत, जानेवारी २०११ ते फेब्रुवारी २०१५. यूएएनला फक्त दुसरी दिसते, म्हणजे सव्वाचार वर्षंसुद्धा नाहीत. पहिली सहा वर्षं दहा महिने हवेत विरली आहेत.

पहिली कंपनी बंद नाही. तेव्हा पार्टनरशिप होती, आता प्रायव्हेट लिमिटेड झाली आहे, चाकणला गेली आहे आणि मालकांचा मुलगा बघतो. फोन केला तर म्हणाले, "एवढं जुनं रेकॉर्ड नसेल बहुतेक. पत्र देऊन ठेवा, बघू." तर पत्र द्यायचंय. त्यात नेमकं काय मागू? आईकडे अपॉइंटमेंट लेटर, पीएफ नंबर असलेल्या काही पगाराच्या चिठ्ठ्या, ईएसआयचं कार्ड आणि जुनं बँक पासबुक एवढं आहे. २००५ मध्ये तिने पीएफ काढला होता. आणखी एक भानगड म्हणजे तिचं लग्न २००० सालचं, त्यामुळे पहिल्या कंपनीत सगळीकडे माहेरचं नाव.

खडूस
"पत्र देऊन ठेवा, बघू" म्हणजे लोणच्यासारखं मुरवणार.

हिशोबी
२००५ ला पीएफ काढलाय ना? मग विषय संपला. पीएफ काढला की ती सर्व्हिस गेली. आता दुसऱ्या नोकरीचं विथड्रॉवल घ्या आणि मोकळे व्हा. उगाच कंपनीच्या मागे धावू नका.

सातारचे मास्तर
ताई, सेवापुस्तकाची दुय्यम प्रत तुमच्या आईंकडे असायलाच हवी. नसेल तर तालुक्याच्या ऑफिसातून पडताळणी करून घ्या. माझ्या वेळी चार वर्षांच्या नोंदींवर सहीच नव्हती, तेव्हा मी थेट जिल्हा परिषदेत जाऊन बसलो होतो.

खडूस
मास्तर, प्रेसशॉपमध्ये कसलं सेवापुस्तक? तिथे हजेरीच्या मस्टरवर चहाचे डाग असतात तेवढाच पुरावा.

निवृत्त लेखनिक
मी पिंपरीत एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात आयुष्य काढलं. पीएफची वार्षिक कार्डं हाताने लिहिली आहेत, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आधी हिशोबी यांचं. ते अर्धं बरोबर आहे. पीएफ काढायचा फॉर्म १९ आणि पेन्शनचे पैसे काढायचा फॉर्म १०सी. हे दोन वेगळे अर्ज आणि दोन वेगळी खाती. फक्त १९ भरला असेल तर पीएफची रक्कम गेली, पेन्शनची सर्व्हिस शाबूत आहे. १०सी भरून तिथलेही पैसे उचलले असतील तर मात्र ती सहा वर्षं दहा महिने खरोखर संपली आणि कंपनीने कितीही सर्टिफिकेटं दिली तरी उपयोग नाही. त्या काळी कंपन्या कामगारांकडून दोन्हींवर एकदमच सह्या घेत, ही अडचण आहे. म्हणून पत्राच्या आधी पासबुक काढा.

२००५-०६ च्या नोंदी बघा. पीएफ आणि पेन्शनचे पैसे बहुधा वेगवेगळे जमा व्हायचे. पेन्शनच्या विथड्रॉवलची रक्कम साधारण जितकी वर्षं तितक्या महिन्यांच्या पगाराच्या आसपास येते. आईंचा शेवटचा पगार पाच हजार धरला तर तीस-पस्तीस हजारांची एक वेगळी नोंद दिसेल. तशी दिसली तर मला सांगा, पुढचं लिहिण्यात अर्थ नाही.

इंद्रायणीकाठ
काका, पासबुक आत्ताच बघितलं. सप्टेंबर २००५ मध्ये एकच नोंद आहे, ८१ हजारांची. त्याच्या आगेमागे वर्षभर पगार सोडून मोठं काहीच नाही. शेवटचा बेसिक ४,८०० होता, चिठ्ठीवर आहे.

हिशोबी
दोन्ही मिळून ८१ हजार आले असतील.

निवृत्त लेखनिक
शक्यता तपासूया. पगार सुरुवातीला तीन हजाराच्या आसपास आणि शेवटी ४,८०० असेल तर सरासरी चार हजार धरू. तिचे बारा टक्के ४८० रुपये. मालकाचेही बारा टक्केच, पण त्यातले ८.३३ टक्के, म्हणजे ३३३, पेन्शनला गेले आणि पीएफला फक्त १४७ राहिले. महिन्याला पीएफमध्ये ६२७. बाराने गुणा, पावणेसातने गुणा, पन्नास हजारांच्या वर जातं. त्या वर्षांत व्याज आधी बारा टक्के, नंतर उतरत साडेनऊपर्यंत होतं. व्याज धरून ८० च्या आसपास एकटा पीएफच होतो. पेन्शनचे तीस त्यात मिसळले असते तर आकडा लाखाच्या वर दिसला असता.

हा पुरावा नव्हे, अंदाज आहे. पण पत्र लिहायला हरकत नाही एवढा तरी नक्की.

हिशोबी
मान्य. हे गणित मी केलं नव्हतं.

रानजाई
धागा वाचतेय. माझ्या सासूबाईंचंही असंच प्रकरण झालं. कंपनीने छान लेटरहेडवर सर्व्हिस सर्टिफिकेट दिलं, "यांनी आमच्याकडे प्रामाणिकपणे काम केले, पुढील वाटचालीस शुभेच्छा." पीएफ ऑफिसातल्या माणसाने ते वाचलं आणि परत दिलं. त्यावर ना पीएफ नंबर, ना सोडल्याचं कारण. शुभेच्छांना पेन्शन मिळत नाही म्हणाला.

निवृत्त लेखनिक
रानजाई यांनी मुद्द्यावर बोट ठेवलं. सर्व्हिस सर्टिफिकेट म्हणजे तुम्ही कामाला होतात एवढंच. पेन्शन फंडात पैसे गेले की नाही ते त्यातून कळत नाही. पगाराच्या चिठ्ठीतूनही कळत नाही, कारण चिठ्ठीवर फक्त कामगाराची कपात असते. ते ३३३ रुपये मालकाच्या हिश्शातून जातात आणि चिठ्ठीवर कुठेच उमटत नाहीत.

ते उमटतात फॉर्म ३ए वर. दर माणसाचं दर वर्षाचं एक कार्ड. बारा ओळी, महिन्याचा पगार, कामगाराचा हिस्सा, मालकाचा पीएफमधला फरक, पेन्शनचे ८.३३ टक्के, आणि शेजारी बिनपगारी दिवस. वर्षाच्या शेवटी सगळ्यांची बेरीज फॉर्म ६ए वर. नवा माणूस लागला की त्या महिन्याच्या फॉर्म ५ मध्ये त्याचं नाव, सोडून गेला की त्या महिन्याच्या फॉर्म १० मध्ये त्याचं नाव, तारीख, कारण. हे सगळं पीएफ ऑफिसला जायचं आणि ऑफिस कॉपी कंपनीत राहायची. मागायच्या त्या या ऑफिस कॉप्या.

एचआर चाकण
दुसऱ्या बाजूने बोलते. मी अशाच एका कंपनीत एचआरला आहे, इंद्रायणीकाठ यांच्या कंपनीत नाही. अशी पत्रं आम्हाला येतात आणि खरं सांगायचं तर त्यातली निम्मी वाचून काही करताच येत नाही. "मी आपल्याकडे नोकरीस होतो, कृपया पीएफचे कागद द्यावेत." कोण तुम्ही? कुठला टोकन नंबर? आमच्या जुन्या फायली नावाने लावलेल्याच नाहीत. मस्टर टोकन नंबरने आणि ३ए वर्षाने.

आणि हे वर्ष पीएफचं असतं. एप्रिलमध्ये भरायचा तो मार्चचा पगार, त्यामुळे १९९८-९९ च्या कार्डावर मार्च ९८ ते फेब्रुवारी ९९ चे पगार असतात. आईंचा जून ९८ चा पगार त्या कार्डावर चौथ्या ओळीत. आणि मार्च २००५ चा शेवटचा पगार २००४-०५ च्या कार्डावर नसतोच, तो २००५-०६ च्या कार्डावर एकटाच पहिल्या ओळीत असणार. लोक ते कार्ड मागायचं विसरतात आणि सर्व्हिस एक महिना आधी संपल्यासारखी दिसते.

खडूस
म्हणजे एका महिन्यासाठी अख्खं कार्ड. सरकारी कागद कधी उपाशी मरणार नाही.

गिरणगावकर
आमचे वडील परळच्या गिरणीत होते. गिरणी बंद पडली, मालक गेला, फायली भंगारात. आम्ही पत्र कोणाला लिहायचं? शेवटी हायकोर्टाने नेमलेल्या लिक्विडेटरच्या ऑफिसला लिहिलं. तिथे गिरणीची रजिस्टरं गठ्ठे बांधून ठेवली होती. बदली कामगार असल्याने वडिलांचे दिवस तुटक तुटक होते, त्यातले बरेच कधी लागलेच नाहीत. तुमची कंपनी जिवंत आहे, मालक फोन उचलतो. नशीबवान आहात. लवकर करा.

सातारचे मास्तर
गिरणगावकर, आमच्या गावातले निम्मे लोक परळ-लालबागलाच होते. तुमचे वडील कोणत्या खात्यात?

गिरणगावकर
साच्यावर. विव्हिंग खातं. रात्रपाळी.

इंद्रायणीकाठ
एचआर चाकण, टोकन नंबर अपॉइंटमेंट लेटरवर आहे. काका, मसुदा द्याल का? आणि पत्र इंग्रजीत की मराठीत?

खडूस
इंग्रजीत. मालकाचा मुलगा आहे ना, मराठीत लिहिलंत तर वडिलांना वाचायला देईल.

निवृत्त लेखनिक
मराठीत चालतं, फॉर्मची नावं आहेत तशी ठेवा. खाली मसुदा. आईंच्या सहीनेच जाऊ दे, तुमच्या नव्हे. नोकरी त्यांची, माहिती त्यांची.

"प्रति, संचालक / पीएफचे अधिकृत स्वाक्षरीकर्ते, (कंपनीचे आजचे नाव व पत्ता, पूर्वीचे नाव, भोसरी).

विषय: ईपीएस-९५ पेन्शन अर्जासाठी सेवा प्रमाणपत्र व पेन्शन अंशदानाच्या नोंदी मिळण्याबाबत.

महोदय, मी आपल्या फर्ममध्ये भोसरी येथे स्टोअर विभागात जून १९९८ ते मार्च २००५ या काळात कायम कर्मचारी होते. त्या वेळी माझे नाव (माहेरचे पूर्ण नाव) असे होते. विवाहानंतर ते (आजचे पूर्ण नाव) असे झाले असून विवाह नोंदणी दाखल्याची प्रत जोडली आहे. टोकन क्र. ..., पीएफ खाते क्र. ..., ईएसआय विमा क्र. ....

मला ५८ वर्षे पूर्ण झाली असून पेन्शनचा अर्ज करावयाचा आहे. वरील सेवा माझ्या यूएएनवर दिसत नाही. त्यासाठी पुढील कागद द्यावेत ही विनंती.

एक, लेटरहेडवर सेवा प्रमाणपत्र, ज्यात दोन्ही नावे, रुजू होण्याची व सोडण्याची तारीख, सोडण्याचे कारण, पीएफ खाते क्रमांक, फर्मचा पीएफ कोड आणि बिनपगारी दिवस नमूद असावेत. दोन, १९९८-९९ ते २००५-०६ या वर्षांच्या माझ्या फॉर्म ३ए च्या साक्षांकित प्रती. त्या नसल्यास ज्या फॉर्म ६ए मध्ये माझे नाव आहे ते पान. तीन, माझे नाव असलेल्या फॉर्म ५ आणि फॉर्म १० ची प्रत. चार, सन २००५ मध्ये माझ्या वतीने फॉर्म १० सी पाठवला होता किंवा नाही, याबाबत आपल्या नोंदीप्रमाणे एक ओळ.

यापैकी काही उपलब्ध नसल्यास कोणत्या वर्षाचे उपलब्ध नाही ते लेखी कळवावे, म्हणजे मला पीएफ कार्यालयाकडे मागता येईल."

शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. तोंडी "नाही" आणि कागदावर "नाही" यांत जमीन-अस्मानाचा फरक. लेखी नकार हातात असला की पीएफ ऑफिसला "आधी कंपनीकडून आणा" असं म्हणायला जागा राहत नाही.

एचआर चाकण
मसुदा उत्तम. एक भर घालते. सोबत एक तयार प्रमाणपत्र टाइप करून द्या, तारखा भरून, फक्त लेटरहेडवर घ्यायचं आणि सही-शिक्का. आमच्यासारख्या ठिकाणी काम तिथेच अडतं, लिहायला कोणाला वेळ नसतो.

दुसरं, मालक घाबरतात. जुनं काही लिहून दिलं आणि त्या काळात कुठे पीएफ कमी भरला असेल तर चौकशी मागे लागेल असं वाटतं. म्हणून पत्राच्या शेवटी "यासंबंधी कंपनीकडे माझी कोणतीही आर्थिक मागणी नाही" असं एक वाक्य टाकलंत तर लवकर काम होईल.

रानजाई
हे वाक्य मुळीच टाकू नका! सहा वर्षं दहा महिने म्हणजे ग्रॅच्युइटीला पात्र. आईंना मिळाली होती का?

इंद्रायणीकाठ
आई म्हणते, "हिशोब दिला होता, त्यात काय काय होतं आठवत नाही."

रानजाई
बघा. ४,८०० भागिले २६ गुणिले १५ गुणिले ७. वीस हजाराच्या जवळपास होते ही रक्कम. ती मिळाली नसेल तर "माझी काही मागणी नाही" लिहून स्वतःच पाणी सोडल्यासारखं होईल.

एचआर चाकण
वीस वर्षांपूर्वीची ग्रॅच्युइटी आता भांडून किती मिळणार? पेन्शन आयुष्यभराची आहे. मी व्यवहाराचं बोलतेय.

रानजाई
मीही व्यवहाराचंच बोलतेय. न लिहिता काम होत असेल तर लिहायचं कशाला? फार तर "हे कागद फक्त पेन्शन अर्जासाठी वापरले जातील" एवढं लिहा.

निवृत्त लेखनिक
रानजाई यांचं वाक्य घ्या. मालकाला भरवसा मिळतो आणि हक्कही सुटत नाही. एचआर चाकण यांचं तयार प्रमाणपत्राचं मात्र जरूर करा.

हिशोबी
एक शंका. हे सगळं करून पेन्शन किती बसेल? २०२२ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतरची वाढीव पेन्शन यांना लागू होईल का?

निवृत्त लेखनिक
नाही, तो विषय पगाराच्या मर्यादेपेक्षा जास्त रकमेवर पीएफ भरणाऱ्यांचा. त्यांना वेगळा पुरावा लागतो. इथे मिसळू नका.

हिशोब असा. पहिली सर्व्हिस ६ वर्षं १० महिने, दुसरी ४ वर्षं २ महिने, मिळून ११ वर्षं. पेन्शनसाठी धरायचा पगार साडेसहा हजार समजा. सप्टेंबर २०१४ ला मर्यादा १५ हजार झाली, पण आईंची त्यानंतरची सर्व्हिस सहाच महिन्यांची, फरक किरकोळ. ६,५०० गुणिले ११ भागिले ७०, म्हणजे १,०२१ रुपये महिना. किमान पेन्शन १,००० आहे, त्याच्या किंचित वर.

खडूस
१,०२१! एवढ्या धाग्यानंतर! सिलिंडर भरून चार चहा.

गिरणगावकर
खडूस, हसू नका. आमच्या आईला वडिलांच्या मागे जी पेन्शन मिळते ती त्याहून फार जास्त नाही. पण दर महिन्याला तिच्या खात्यात तिच्या नावाने येते. नातवाला त्यातून पन्नास रुपये देते.

खडूस
गिरणगावकर, चुकलं. मागे घेतो.

हिशोबी
आणि पहिली नोकरी लागलीच नाही तर?

निवृत्त लेखनिक
मग फक्त सव्वाचार वर्षांचं विथड्रॉवल, पंचवीस-सत्तावीस हजार, एकदाच. पेन्शन नाही आणि पुढे फॅमिली पेन्शनही नाही.

रानजाई
काका, बिनपगारी दिवस पत्रात का मागायचे? ते तर आपल्या विरोधात जातात.

निवृत्त लेखनिक
जातात, पण ऑफिसात ते निघणारच. आधी माहीत असलेले बरे. ज्या दिवसांचा पगार नाही त्या दिवसांचं अंशदान नाही, ते दिवस सर्व्हिसमधून वजा होतात. इंद्रायणीकाठ, आई त्या काळात कधी लांब रजेवर होती का?

इंद्रायणीकाठ
मी २००२ चा. माझ्या वेळी आई बाळंतपणाच्या रजेवर होती. ईएसआयमधून पैसे मिळाले होते म्हणते.

निवृत्त लेखनिक
मग तुमचा धागा तुमच्यामुळेच अडकायचा होता! तेव्हा बारा आठवडे, म्हणजे ८४ दिवस, ईएसआय द्यायची. त्या काळात कंपनीचा पगार नाही, म्हणून ३ए वर ते बिनपगारी लागणार. ११ वर्षांतून जवळपास तीन महिने गेले, राहिले १० वर्षं ९ महिने. सहा महिने किंवा जास्त असले की पुढचं पूर्ण वर्ष धरतात, म्हणून पुन्हा ११. तुमच्यामुळे नुकसान झालेलं नाही.

उलट फायदा आहे. ईएसआयने पैसे दिले म्हणजे २००२ मध्ये आई त्या फर्ममध्ये विमाधारक होत्या ही नोंद कंपनीच्या बाहेर दुसरीकडे आहे. कंपनी "रेकॉर्ड नाही" म्हणाली तर तो कागद कामाला येईल. ईएसआयच्या कार्डाची प्रत पत्राला जोडा.

सातारचे मास्तर
बाळंतपणाची रजा सर्व्हिसमधून वजा? आमच्याकडे तर धरतात.

रानजाई
मास्तर, सरकारी आणि एमआयडीसी यांतला फरक हाच.

हिशोबी
पत्र रजिस्टर एडीने पाठवा हे कोणीच सांगितलं नाही.

एचआर चाकण
रजिस्टर पोस्ट आता स्पीड पोस्टातच विलीन झालंय, सप्टेंबर २०२५ पासून. स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवा. पण त्याआधी एक प्रत हातात नेऊन द्या आणि दुसऱ्या प्रतीवर इनवर्डचा शिक्का घ्या. नुसतं पोस्टाने आलेलं पत्र आमच्याकडे सिक्युरिटीच्या ड्रॉवरमध्ये आठवडाभर पडून असतं.

निवृत्त लेखनिक
आणि पत्राची एक प्रत पीएफ ऑफिसला "माहितीसाठी" लावू नका, सुरुवातीलाच. मालक बिथरतात. ती पायरी नंतरची.

कंपनीने नाव आणि पत्ता बदलला असला तरी पीएफ कोड तोच चालू आहे का ते बघा. पीएफच्या वेबसाइटवर `Establishment Search` मध्ये नाव टाकलं की कोड आणि पत्ता दिसतो. आईंच्या चिठ्ठीवर जुना MH ने सुरू होणारा नंबर असेल, पुण्याचा आता PUPUN ने सुरू होतो. मधला फर्मचा आकडा जुळला तर तीच कंपनी. कोड नवीन घेतला असेल तर मुलगा म्हणू शकतो, "ती कंपनी वेगळी, ही वेगळी." तेव्हा सांगायचं की धंदा हस्तांतरित झाला तरी जुन्या देण्याची जबाबदारी नव्या मालकावरही येते, पीएफ कायद्याच्या १७बी कलमात ते होतं.

खडूस
काका, तुमचं टाइम ऑफिस अजून चालू आहे.

(काही दिवसांनी)

इंद्रायणीकाठ
अपडेट. आई आणि मी चाकणला जाऊन पत्र दिलं. मुलगा नव्हता, पण जुने अकाउंटंट भेटले, आईला नावाने ओळखलं. म्हणजे माहेरच्या नावाने. त्यांनी तयार प्रमाणपत्र बघितलं, "हे बरं केलंत" म्हणाले. सोडल्याचं कारण आम्ही "राजीनामा" लिहिलं होतं, त्यांनी मस्टर बघून "घरगुती कारणास्तव राजीनामा" केलं. सही-शिक्का मिळाला.

३ए मात्र २००१-०२ पासूनची निघाली. २००२-०३ च्या कार्डावर तीन महिन्यांसमोर शून्य आणि शेजारी बिनपगारी दिवस, काकांनी सांगितलं तसंच. पेन्शनच्या रकान्यात बाकी सगळीकडे आकडे आहेत. १९९८ ते २००१ ची तीन कार्डं भोसरीहून येताना हरवली असं त्यांनी लेखी दिलं. १०सी बद्दल "आमच्या आउटवर्ड रजिस्टरमध्ये फक्त फॉर्म १९ ची नोंद आढळते" असं लिहून दिलं. कोड जुनाच आहे.

रानजाई
वा! फॉर्म १९ ची ती ओळ लॅमिनेट करून ठेवा.

एचआर चाकण
लॅमिनेट करू नका, मग साक्षांकनाला त्रास होतो. प्लॅस्टिक फोल्डर.

हिशोबी
मग आता तीन वर्षं कमी. ११ मधून ३ गेली, पुन्हा दहाच्या खाली.

निवृत्त लेखनिक
तसं नाही. कार्ड कंपनीत नाही, म्हणजे पीएफ ऑफिसातही नाही असं होत नाही. ती कार्डं तिकडे गेली होती. आता आरटीआय टाका, दहा रुपये फी, स्वतःच्याच खात्याची माहिती मागायची: खाते क्रमांक अमुक, १९९८-९९, १९९९-२०००, २०००-०१ च्या फॉर्म ३ए च्या प्रती, आणि २००५ मध्ये या खात्यावर १०सी निकाली निघाला का. कंपनीचं "हरवली" पत्र सोबत जोडा. त्या ऑफिसात आपलं खातं नसेल तर अर्ज पुढे पाठवायची जबाबदारी त्यांची. उत्तराला तीस दिवस.

आणखी एक आधार आहे. २००१-०२ च्या कार्डावर वरच्या कोपऱ्यात खाते क्रमांक आहे ना? तो १९९८-९९ च्या चिठ्ठीवरच्या क्रमांकाशी जुळत असेल तर खातं सलग होतं हे दिसतं.

इंद्रायणीकाठ
जुळतोय. आणि पेन्शनच्या अर्जावर, म्हणजे फॉर्म १०डी वर, सही कोणाची? चाकणवाल्यांची की पॅकेजिंगवाल्यांची?

निवृत्त लेखनिक
शेवटच्या मालकाची, म्हणजे पॅकेजिंग कंपनीची. चाकणच्या कंपनीचं काम आता संपलं. आईंनी १०डी मध्ये आधीच्या नोकरीचा तपशील भरायचा आणि हे कागद जोडायचे. काही ठिकाणी आधी जुन्या खात्याचं स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे तिथल्या पेन्शन सर्व्हिसचा पीएफ ऑफिसचा दाखला, काढायला सांगतात, काही ठिकाणी १०डी सोबतच सर्व्हिस जोडून घेतात. मी दोन्ही पाहिलं आहे. दर महिन्याच्या २७ तारखेला 'निधी आपके निकट' शिबिर असतं, तिथे हा एकच प्रश्न विचारून या.

रानजाई
नावातला फरक त्याच वेळी सांगा हं. यूएएनवर सासरचं, कार्डावर माहेरचं. नाहीतर अर्ज त्यावरूनच परत येतो. सासूबाईंचा आला होता.

इंद्रायणीकाठ
आधारवर सासरचं आहे, विवाह नोंदणी दाखल्यावर दोन्ही. आरटीआय आज टाकतो.

सातारचे मास्तर
आरटीआयमध्ये "का दिलं नाही" असं विचारू नका, फक्त कागद मागा. प्रश्न विचारला की उत्तर "माहिती या व्याख्येत बसत नाही" असं येतं. एवढं मात्र आमच्या आणि तुमच्या खात्यात सारखं आहे.

निवृत्त लेखनिक
मास्तर अगदी बरोबर. आणि ३ए नसेल तर त्या तीन वर्षांच्या ६ए चं पान द्या असंही त्याच अर्जात लिहा, नाहीतर "३ए उपलब्ध नाही" एवढं उत्तर येईल आणि परत दहा रुपये.